पेटीत बाराशे, घरोघरी साडेतीन लाख

समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली असते. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पोरं, हातात गुंडाळलेलं पासबुक. अध्यक्षांचं स्वागत आणि सचिवांचं इतिवृत्तवाचन होतं, आणि मग कोषाध्यक्ष उठून पदर सावरत वही उघडतात. पहिलं वाक्य असतं, "आपल्या गटाची एकूण बचत एक लाख पंधरा हजार दोनशे रुपये." टाळ्या पडतात. दुसरं वाक्य येतं, "सभासदांकडून येणं असलेलं कर्ज तीन लाख बावन्न हजार." यावर टाळ्या पडत नाहीत. मागच्या ओळीतून आवाज येतो, "बचत सव्वा लाखाच्याही आत, अन् कर्ज साडेतीन लाख? मंग वरचा पैसा आला कोठून?"

भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांचा इतिहास लिहायला बसलं, की तो योजनांच्या नावांनी भरून जातो. या स्मरणिकेसाठी वाट वेगळी धरली आहे. वार्षिक सभेत कोषाध्यक्षांनी केलेलं निवेदन कसकसं लांबत गेलं, त्यात नवी ओळ केव्हा आणि का आली, एवढंच पाहिलं तरी संस्थेची वाटचाल बरीचशी दिसते. त्यासाठी बारा बायकांचा एक नमुन्याचा गट घेतला आहे. त्याला नाव दिलेलं नाही. आकडे हिशेब उलगडावा म्हणून बेतलेले आहेत, पण त्यांची घडण धानपट्ट्यातल्या कुठल्याही गटाच्या वहीत सापडेल अशीच आहे.

गटांच्या आधी भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळी उचलायची. भिशीत कोषाध्यक्ष लागत नाही आणि वार्षिक निवेदनही लागत नाही, कारण संध्याकाळी पेटी रिकामीच होते. फेरी पूर्ण झाली की हिशेब संपला. गटाने यात एकच बदल केला, आणि तो मोठा ठरला. पैसा वाटून संपवायचा नाही, तो साठवायचा, आणि साठलेल्यातून जिला गरज आहे तिला व्याजाने द्यायचा. ज्या दिवशी पैसा राहू लागला, त्या दिवशी तो कुठे आहे हे सांगणारी बाई लागली.

सुरुवातीचं निवेदन एका ओळीचंच असणार. नमुन्याच्या गटात पहिली चार वर्षं महिन्याला पन्नास रुपये बचत होती. बारा जणी, अठ्ठेचाळीस महिने, म्हणजे २८,८०० रुपये. पुढची सहा वर्षं शंभर रुपये, म्हणजे ८६,४००. दोन्ही मिळून १,१५,२००. टाळ्या मिळवणारा आकडा हाच. सोपा आहे, अभिमानाचा आहे, आणि नेमका याच आकड्यावर सर्वांत जास्त गैरसमज होतो. ऐकणारीला वाटतं, एवढे पैसे कुठेतरी ठेवलेले आहेत. प्रत्यक्षात एकूण बचत हा पेटीतला पैसा नसतो. गट आपल्याच सभासदांना जे देणं लागतो, ती ही रक्कम. प्रत्येकीचे ९,६०० रुपये गटाकडे आहेत, आणि ती सोडून गेली तर ते परत द्यावे लागतील. कोषाध्यक्ष टाळ्यांच्या गजरात खरं तर गटाच्या डोक्यावरचं एक देणं जाहीर करत असतात.

दुसरी ओळ आली ती अंतर्गत कर्जातून. पऱ्हे टाकायला बियाणं, रोवण्याची मजुरी, खत, मुलाची फी, दवाखाना. सावकाराकडे किंवा दुकानदाराच्या उधारीवर जायचं त्याऐवजी गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घ्यायचे. वर्षाचे चोवीस टक्के झाले, हा दर ऐकून बाहेरचा माणूस दचकतो. पण हे व्याज गटातच राहतं, आणि जी देते तिच्याही मालकीचं असतं. फक्त ते कसं मोजायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दहा हजारांचं कर्ज, दहा महिने, महिन्याला हजार मुद्दल. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्यात दोनशे, दुसऱ्यात एकशे ऐंशी, असं उतरत जाऊन एकूण १,१०० रुपये होतात. मूळ रकमेवरच दहाही महिने दोनशे धरले तर होतात २,०००. दर तोच, कर्ज तेच, फरक नऊशे रुपयांचा. ज्या गटात ही गोष्ट ठरावात लिहिलेली नाही, तिथे लिहिणारी बदलली की व्याज बदलतं, आणि मग वार्षिक सभेत भांडण होतं.

नमुन्याच्या गटाने दहा वर्षांत व्याज, दंड आणि प्रवेश फी यांतून खर्च आणि बँकेचं व्याज वजा जाता ७१,३०० रुपये साठवले. बचतीत हे मिळवले की स्वतःचा निधी १,८६,५०० होतो, म्हणजे माणशी साडेपंधरा हजारांच्या आसपास. यातले ९,६०० कुणाचे याबद्दल वाद नाही. वरचे जवळपास सहा हजार कुणाचे, यावर मात्र नियमावलीच बोलू शकते. एखादी लग्न होऊन गाव सोडते तेव्हा तिला फक्त बचत द्यायची की साठलेल्या व्याजाचा वाटाही, हे आधी ठरलेलं नसेल तर जाणारी दुखावते किंवा राहणाऱ्या.

तिसऱ्या ओळीसाठी दिल्ली-मुंबईपर्यंत जावं लागतं. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये व्यापारी बँकांना बचत गटांशी जोडून घेण्याचा सल्ला दिला आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांचा प्रायोगिक प्रकल्प आखला. त्यात नवी गोष्ट अशी होती की नोंदणी नसलेल्या गटाच्या नावे बँकेत बचत खातं उघडता येईल, आणि तारण न घेता कर्ज देता येईल. कर्ज किती, तर बचतीच्या एकपटीपासून चौपटीपर्यंत. तारणाच्या जागी गटाची वही ठेवली गेली. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने गटांना दिलेलं कर्ज हा बँकांच्या नेहमीच्या कामाचाच भाग मानला. बचतीचा आकडा आता केवळ बायकांच्या टाळ्यांपुरता उरला नाही. बँकेचं कर्ज किती मिळणार हे त्याच्यावर ठरू लागलं. कोषाध्यक्षांच्या वहीचं महत्त्व वाढलं ते तेव्हापासून.

महाराष्ट्रात हे काम गावापर्यंत नेणाऱ्या यंत्रणा दोन. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. २००३ मध्ये शासनाने बचत गटांच्या कार्यक्रमांसाठी त्याला राज्याची मुख्य समन्वय संस्था केलं, आणि २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने राज्यातल्या तेहेतीस जिल्ह्यांत तेजस्विनी कार्यक्रम चालला. गावात येऊन वही तपासणारी माविमची सहयोगिनी आणि गटांनी स्वतः चालवायचं लोकसंचालित साधन केंद्र हे दोन शब्द भंडाऱ्यातल्या बायकांच्या तोंडी रुळले ते या काळात. दुसरी यंत्रणा ग्रामविकास खात्याची. १ एप्रिल १९९९ ला स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना सुरू झाली. त्यानंतर बरोबर महिन्याने, १ मेला, गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा आजच्या आकाराला आला. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि महाराष्ट्रात त्याला ‘उमेद’ हे नाव मिळालं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला फिरता निधी मिळू लागला. सुरुवातीच्या वर्षांत तो दहा ते पंधरा हजारांचा होता.

आता मागच्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. गटाच्या हाती आलेला पैसा असा: सभासदांची बचत १,१५,२००, साठलेलं उत्पन्न ७१,३००, फिरता निधी १५,०००, आणि बँकेच्या तीन लाखांच्या कर्जापैकी अजून फेडायचे राहिलेले १,८४,०००. बेरीज ३,८५,५००. तो पैसा आता कुठे आहे? सभासदांकडे कर्जाऊ ३,५२,०००, बँक खात्यात ३२,३००, पेटीत रोख १,२००. बेरीज पुन्हा ३,८५,५००. कोषाध्यक्षांच्या भाषणातला गाभा एवढाच. आला कुठून आणि आहे कुठे या दोन बेरजा जुळल्या पाहिजेत. फळ्यावर दोन रकाने करून हे लिहिलं, तर चौथी शिकलेली बाईसुद्धा दोन मिनिटांत पडताळून पाहते. नुसतं बोलून दाखवलं तर पदवीधरही गोंधळते.

बेरीज जुळली म्हणजे सगळं ठीक आहे असं मात्र नाही. येणं असलेलं कर्ज आणि थकलेलं कर्ज हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि तिथेच सभा बिघडते. ३,५२,००० येणे आहेत ही वाईट बातमी नाही. ते पैसे पेटीत पडून राहिले असते तर व्याज कुणी दिलं असतं? बाहेर असलेल्या पैशातला ज्याचा हप्ता ठरल्या दिवशी आला नाही, तेवढाच थकीत.

नमुन्याच्या गटात नऊ जणींकडे कर्ज आहे आणि दोघींचे हप्ते राहिले आहेत. पहिलीकडे २८,००० येणे असून अडीच हजारांचा एक हप्ता चुकला. तिने धान आधारभूत खरेदी केंद्रावर दिलं, चुकारा खात्यात यायचा आहे. दुसरीकडे १८,००० येणे आहेत. तिचा हप्ता पाचशेचाच, पण वर्षभर आलेला नाही, म्हणजे सहा हजार थकले. भाषणात कोषाध्यक्षांनी "थकबाकी साडेआठ हजार" असं म्हटलं तर ते खरं आहे, पण अर्धंच. ज्या दोन कर्जांचे हप्ते थकले त्यांच्यातलं एकूण येणं ४६,००० आहे, म्हणजे बाहेर असलेल्या रकमेच्या सुमारे तेरा टक्के. आणि त्यातही घोर कशाचा लागावा, तर लहान कर्जाचा. अठ्ठावीस हजारवाली चुकारा आला की मोकळी होईल. अठरा हजारवालीकडे मात्र सभा संपल्यावर दोघीतिघींनी जाऊन बसावं लागेल. थकबाकी किती यापेक्षा ती किती जुनी, हे सांगणारं निवेदन जास्त प्रामाणिक.

इथे धानाचा हंगाम मध्ये येतो. बँकेचं कोष्टक महिन्याच्या हप्त्याचं असतं, पण धानपट्ट्यातल्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. जून-जुलैत पऱ्हे आणि रोवणा, तेव्हा कर्ज उचललं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात हात रिकामे असतात. कापणी-मळणी होऊन पैसा हाती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. ज्यांना तलावाचं किंवा कालव्याचं पाणी आहे त्यांचं उन्हाळी धान निराळं. म्हणून ३१ मार्चला येणं असलेली रक्कम आणि ३१ ऑगस्टची रक्कम शेजारी ठेवून गट बिघडला असं म्हणणं चुकीचं. तुलना करायची तर मागच्या मार्चशी. काही शहाणे गट पावसाळ्यात फक्त व्याज घेतात आणि मुद्दलाचे हप्ते हंगामानंतर लावतात, मात्र हे कर्ज देतानाच ठरावात लिहितात. नंतर दिलेली सवलत आणि आधी ठरलेली सवलत यांत हिशेबाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिली थकबाकी असते, दुसरी नसते.

या संस्थेला मोठे हिसके बसले तेही हंगामाच्या तोंडावर. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा धान कापणीला आलं होतं. बैठकीत बचत द्यायला शंभराची नोट मिळेना. २०२० च्या टाळेबंदीत बैठकच बंद झाली, आणि बैठक नाही म्हणजे वसुली नाही, नोंदही नाही. त्या महिन्यांची पानं बऱ्याच वह्यांत कोरी दिसली तर नवल नको. अशा वेळी मागाहून अंदाजाने पानं भरण्याचा मोह होतो. कोरं पान कोरंच ठेवून त्यावर कारण लिहिणं केव्हाही चांगलं.

आणखी एक घोळ शब्दाचाच आहे. खासगी सूक्ष्म वित्त कंपन्याही बायकांचे ‘गट’ करून कर्ज देतात. हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा, एकीने चुकवला तर दुसरीने भरायचा. नोटाबंदीनंतर विदर्भात या हप्त्यांवरून बायका रस्त्यावर आल्या होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गट सारखेच. पण त्या गटात स्वतःचा साठा नसतो, व्याज गावात राहत नाही, म्हणून कोषाध्यक्षांचं निवेदनही नसतं. सभासदाने तिकडचा हप्ता भरायला इकडून कर्ज उचललं असेल, तर ते आपल्या वहीत दिसत नाही. कर्जाचं कारण ‘घरखर्च’ असं लिहिलं जातं आणि तीच बाई वर्षात तिसऱ्यांदा घरखर्चाला मागते, तेव्हा जाणत्या कोषाध्यक्षांना वास येतो.

वहीतच लपणारी सर्वांत जुनी लबाडी म्हणजे जुनंनवं. अठरा हजार येणे असलेलं कर्ज थकलं आहे. सभा तोंडावर आली. त्याच दिवशी त्याच बाईला वीस हजारांचं नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुने अठरा जमा दाखवायचे, दोन हजार हातात द्यायचे. वहीत वसुली शंभर टक्के, थकबाकी शून्य, निवेदन झकास. प्रत्यक्षात येणं दोन हजारांनी वाढलं आणि वर्षभराची थकबाकी एका रात्रीत तरुण झाली. हे ओळखायला हिशेबनीस लागत नाही. रोजकीर्दीत एकाच तारखेला एकाच नावापुढे मोठी जमा आणि मोठा खर्च दिसला की बोट ठेवायचं. मजा अशी, की बहुतेक वेळा हे कुणी पैसे खायला करत नाही. बँकेच्या तपासणीत गट नापास होऊ नये, सभेत शेजारणीची लाज जाऊ नये, म्हणून होतं. पण त्यामुळे गटाला आपला आजार कळत नाही.

चांगलं निवेदन सभेच्या दिवशी तयार होत नाही. त्याची तयारी आठ दिवस आधी लागते. ३१ मार्चला वही बंद करायची. पेटी तिघींसमोर उघडून नोटा मोजायच्या. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ही जुनी पद्धत त्यासाठीच आहे. बँकेत जाऊन पासबुकात नोंद करून आणायची, बचत खात्याची वेगळी आणि कर्जखात्याची वेगळी. कर्जखात्यात आपली आणि बँकेची रक्कम बरेचदा जुळत नाही. बँकेने व्याज नावे टाकलेलं असतं, किंवा शासनाकडून यायची व्याजाची सवलत उशिरा जमा होते. अशा वेळी बँकेचा आकडा धरायचा आणि फरक का पडला ते सभेत सांगायचं.

खरं परीक्षेचं काम त्यापुढचं. बाराही जणींची पासबुकं गोळा करायची. प्रत्येकीची बचत आणि राहिलेलं कर्ज कोऱ्या कागदावर उतरवून बेरीज मारायची, आणि ती गटाच्या खतावणीशी लावून पाहायची. नमुन्याच्या गटात पासबुकांची बेरीज आली १,१५,५००. वहीपेक्षा तीनशे जास्त. शोधल्यावर सापडलं की एकीने पुढच्या तीन महिन्यांची बचत आगाऊच बैठकीबाहेर, वाटेत भेटली तेव्हा सचिवांच्या हातात दिली. तिच्या पासबुकात लिहिली गेली, रोजकीर्दीत चढायची राहिली. तीनशे रुपये सचिवांनी त्याच दिवशी पेटीत भरले असते तर विषय संपला असता. पण वही ३१ मार्चला बंद झाली होती, म्हणून ते एप्रिलच्या पानावर घेतले आणि निवेदनात तसं सांगितलं. बैठकीबाहेर पैसे घ्यायचे नाहीत असा ठराव त्याच सभेत झाला. पासबुक घरी पेटाऱ्यात ठेवून सभेला रिकाम्या हाताने येणाऱ्या बाईमुळे अशी चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. कोषाध्यक्ष कितीही हुशार असल्या तरी तिचं पासबुक तिच्याशिवाय त्यांना दिसत नाही.

शेवटी मागच्या ओळीतल्या त्या बाईबद्दल. तिचा प्रश्न सभेत खाकरून दाबला जातो, "बस गं, मागून सांगतो" असं म्हणतात. तसं करू नये. फळा आणावा आणि दोन्ही रकाने तिलाच लिहायला लावावेत. ज्या सभेत ते होतं तिथलं इतिवृत्त साधारण असं असतं: जमा बाजू ३,८५,५००, नावे बाजू ३,८५,५००, थकीत हप्ते दोन सभासदांचे, त्यांतला एक बारा महिन्यांचा, रोख शिल्लक रुपये १,२००, सर्वांसमोर मोजली. खाली बारा सह्या, त्यांतले दोन अंगठे.

येत्या सभेला येताना पासबुक आणा.